शिवकालीन कुलूप आणि टोकदार स्क्रू

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात कुलपांच्या ढिगासमोर उभे राहून एखाद्या कुलपाचे वय विचारले, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळते. कुलूप लोखंडी, काळे आणि वेडेवाकडे असेल तर ते ‘शिवकालीन’ असते. पितळी आणि जड असेल, त्यावर इंग्रजी अक्षरे असतील तर ‘ब्रिटिशकालीन’. विक्रेत्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण गिऱ्हाइकालाही यापेक्षा वेगळे उत्तर नकोच असते. ‘हे साधारण १९६५ चे असावे’ असे ऐकून कोण पैसे मोजणार?

खरे तर जुन्या वस्तूंमध्ये कुलूप हे वय सांगायला त्यातल्या त्यात सोपे. समई किंवा तांब्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच घाटाचा बनत राहतो. कुलूप हे यंत्र आहे. त्याच्या आत कोणती युक्ती आहे आणि ती कोणत्या हत्याराने घडवली, या दोन्ही गोष्टींच्या खुणा धातूवर उरतात. नियम एकच लक्षात ठेवायचा: कुलूप त्याच्यातल्या सर्वांत नव्या युक्तीहून किंवा पद्धतीहून जुने असू शकत नाही. याच्या उलट मात्र खरे नाही. युक्ती जुनी असली म्हणून कुलूप जुने ठरत नाही. बाजारातल्या बहुतेक फसगती या उलट्या वाचनातून होतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ज्याला सर्रास शिवकालीन म्हणतात ते नळीसारखे लोखंडी कुलूप. याच्या दोन जाती दिसतात. पहिलीत कडीच्या दांड्याला पोलादाच्या पातळ पट्ट्या एका टोकाशी रिव्हेटने जोडलेल्या असतात आणि दुसऱ्या टोकाशी त्या दांड्यापासून फाकलेल्या असतात. दांडा नळीत ढकलला की पट्ट्या भोकातून जाताना दबतात आणि आत गेल्यावर पुन्हा फाकतात, म्हणून दांडा परत निघत नाही. किल्ली म्हणजे टोकाला चौकोनी भोक असलेली एक पट्टी. ती समोरच्या बाजूने आत सरकवली की फाकलेल्या पट्ट्या तिच्या भोकात शिरून दबतात आणि कुलूप सुटते. दुसरी जात पेचाच्या कुलपाची. तिच्या किल्लीला आटे असतात. किल्ली आतल्या दांड्याच्या भोकात पेचाने शिरत जाते, स्प्रिंगच्या जोराविरुद्ध त्याला मागे ओढते आणि कडी मोकळी होते.

फाकणाऱ्या पट्ट्यांची युक्ती रोमन काळापासून माहीत आहे. चीन, इराण आणि भारतात तिची कुलपे विसाव्या शतकापर्यंत बनत होती आणि शोभेच्या वस्तू म्हणून आजही बनतात. म्हणजे नुसत्या युक्तीवरून वय सांगायला गेलो, तर दोन हजार वर्षांचा पट्टा हाती येतो. त्याचा उपयोग शून्य. हे कुलूप शिवकालीन असू शकते, पेशवाईतले असू शकते आणि गेल्या दिवाळीतलेही असू शकते. इथून पुढे घडण पाहावी लागते.

आधी नळी पाहावी. जुना लोहार पत्रा ठोकून पातळ करी, तो वळवून नळी करी आणि कड कडेवर चढवून झाळकाम करी. सांध्यावर पितळेचे तुकडे आणि सवागी ठेवायची, वर मातीचा लेप द्यायचा आणि सगळे भट्टीत तापवायचे. पितळ वितळून सांध्यात शिरे. त्यामुळे अशा कुलपाच्या लांबीवर कुठेतरी एक पिवळसर रेघ दिसते. ती सरळ नसते आणि तिच्या कडेला पितळ थोडे ओघळलेले असते. ठोकलेल्या पत्र्याची जाडी जागोजागी वेगळी भरते. कॅलिपर लावून नळीच्या तोंडाशी तीन-चार ठिकाणी मोजले की फरक लगेच कळतो. याउलट जाडी सगळीकडे सारखी, भोक आतून अगदी गोल आणि सांधा नाहीच, किंवा काठोकाठ सरळ गेलेला असेल, तर ती कारखान्यातली तयार नळी आहे. टोकाची चकती विजेच्या वेल्डिंगने बसवलेली असेल तर प्रश्नच मिटतो. वेल्डिंगचा उंच, थेंबाथेंबांचा कड कानशीने घासून सपाट करतात, पण आतल्या बाजूला कानस पोहोचत नाही. म्हणून टॉर्च घेऊन नळीच्या आत पाहावे.

पेचाच्या कुलपात याहून चांगला साक्षीदार असतो, तो म्हणजे आटे. आज आपण आटे पाडण्याला काहीच समजत नाही. लेथ आणि डाय हाताशी नसलेल्या कारागिराला मात्र ते मोठे संकट होते. दांड्यावरचे बाहेरचे आटे कानशीने कोरता येत, पण नळीच्या आतले कसे कोरणार? यावर एक हुशार तोडगा होता. दांड्याभोवती तार गुंडाळायची आणि ती झाळून टाकायची, की बाहेरचे आटे झाले. तशीच दुसरी तार वेटोळे करून नळीच्या आत झाळायची, की आतले आटे झाले. अशा आट्यांचा माथा गोल असतो, दोन आट्यांतले अंतर थोडे कमी-जास्त होते आणि एखाद्या ठिकाणी तार सुटलेलीही दिसते. कानशीने कोरलेल्या आट्यांची खोली सारखी नसते आणि त्यांत कानशीच्या बारीक रेघा दिसतात. डायने पाडलेले आटे मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे, टोकदार आणि स्वच्छ असतात.

यासाठी एक चाचणी आहे आणि तिला भिंगही लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून सहा, आठ आणि दहा मिलिमीटरचे साधे नट घ्यायचे आणि कुलपाच्या किल्लीवर फिरवून पाहायचे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांची प्रमाण मापे १८४१ मध्ये सुचवली. त्याआधी प्रत्येक कारागिराचे आटे त्याचे स्वतःचे असत, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. व्हिटवर्थची मापे इंचांची. भारतात मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ मध्ये आणि मिलिमीटरचे आटे त्यानंतर रुळले. म्हणून तथाकथित शिवकालीन किल्लीवर आजचा आठ मिलिमीटरचा नट शेवटपर्यंत गुळगुळीत फिरला, तर त्या किल्लीचे वय साठ-पासष्ट वर्षांहून जास्त असण्याची शक्यता फारच कमी. एखाद-दुसरा आटा चढून नट अडला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण जुन्या आट्यावरही नट तेवढा चढू शकतो. पूर्ण फिरला तरच तो पुरावा. किल्ली नंतर बनवलेली आहे, कुलूप मात्र जुनेच, असा बचाव विक्रेता करू शकतो. मग तोच प्रश्न कुलपाच्या आतल्या दांड्याला विचारायचा. किल्ली त्यात नीट फिरत असेल, तर त्याचेही आटे त्याच मापाचे आहेत.

गंजाविषयी थोडक्यात. खारट पाणी, नवसागर आणि काही दिवसांची माती एवढ्यावर नवे लोखंड जुने दिसू लागते. हा गंज नारिंगी, भुसभुशीत आणि सगळीकडे सारखा असतो. हाताळलेल्या जुन्या लोखंडावर तेल, धूर आणि घाम बसून काळपट तपकिरी, घट्ट थर तयार होतो, आणि जिथे कडी कोयंड्यावर घासते तिथे तो थर झिजून धातू चकचकीत होतो. झीज चुकीच्या जागी असेल तर ती ग्राइंडरची समजावी. स्वतः लोखंडही बोलते. जुने घडीव लोखंड तुटले की ते उसासारखे रेषारेषांनी सुटते, कारण त्यात मळीचे बारीक धागे लांबीच्या दिशेने पसरलेले असतात. गंजल्यावरही त्या रेषा उठून दिसतात. बेसेमरची पद्धत १८५६ ची. तिने पोलाद स्वस्त केले आणि पुढच्या काही दशकांत घडीव लोखंड मागे पडले. नव्या पोलादात रेषा नसतात, गंज त्याला खड्ड्याखड्ड्यांनी खातो. गावचा लोहार मात्र जुन्या गाडीची धाव किंवा मोडका फाळ वितळवल्याविना पुन्हा घडवत असे. त्यामुळे घडीव लोखंड सापडले म्हणून उडी मारू नये. लोखंड आजोबांचे आणि कुलूप नातवाचे, असे सर्रास घडते.

आता पितळी, ‘ब्रिटिशकालीन’ ढीग. इथे युक्ती अधिक उपयोगी पडते, कारण तिच्या तारखा माहीत आहेत. युरोपातली मध्ययुगीन कुलपे आडपडद्यांची असत. कुलपाच्या आत पत्र्याचे स्थिर अडथळे बसवायचे आणि किल्लीच्या दात्यात त्यांना वाट देणाऱ्या खाचा कापायच्या, एवढीच त्यांची सुरक्षितता. अशा किल्लीचा दाता चक्रव्यूहासारखा कोरलेला दिसतो, पण काम फक्त त्याचे टोक करते. मधला भाग कापून टाकला तरी कुलूप उघडते, आणि चोरांना हे माहीत होते. १७७८ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनने लिव्हरच्या कुलपाचे पेटंट घेतले. लिव्हर म्हणजे एका खिळीवर हलणारी पातळ पट्टी. तिच्यात खिडकी कापलेली असते आणि बोल्टवरचा खुंटा त्या खिडकीतून सरकतो. किल्लीने प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीला उचलली तरच सगळ्या खिडक्या एका रेषेत येतात. कमी उचलून चालत नाही आणि जास्त उचलूनही चालत नाही. बॅरनचे श्रेय या ‘जास्तही नाही’ला आहे. पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाल्यावर सरकारने नव्या कुलपासाठी बक्षीस लावले आणि १८१८ मध्ये जेरमाया चबने त्यात भर घातली. चुकीच्या किल्लीने लिव्हर जास्त उचलला तर कुलूप अडकून बसे आणि मालकाला छेडछाड कळे.

लिव्हरच्या किल्लीच्या दात्याला बाहेरच्या कडेवर पायऱ्या असतात. त्यातली एक पायरी बोल्ट सरकवण्याची आणि उरलेल्या लिव्हरच्या. म्हणून कुलपावर सहा लिव्हर असे कोरलेले असेल, तर निदान तेवढ्या पायऱ्या किल्लीवर मोजता यायला हव्यात. किल्ली सपाट असून तिच्या कडेला करवतीसारखे दाते असतील, तर ती पिनांच्या कुलपाची. अमेरिकेत धाकट्या लायनस येलने त्याची पेटंटे १८६१ आणि १८६५ मध्ये घेतली. अशी किल्ली घेणारे कुलूप १८५७ च्या धामधुमीतले आहे असे कुणी सांगितले, तर हसून पुढे जावे.

लिव्हर असल्याने कुलूप १७७८ नंतरचे, एवढे कळले. पण अलिगढला आणि आपल्याकडेही लिव्हरची कुलपे आजही बनतात, तेव्हा खालची मर्यादा मिळाली तरी वरची मिळत नाही. वरची मर्यादा शोधायला कुलपावरची अक्षरे वाचावी लागतात. महाराष्ट्रात त्यासाठी सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे रेल्वेचे कुलूप.

समजा हातात तळव्याएवढे पितळी कुलूप आहे. पुढच्या बाजूला जी.आय.पी.आर. ही इंग्रजी अक्षरे, किल्लीच्या भोकावर फिरते झाकण, मागे ‘मेड इन इंग्लंड’, त्याखाली आर.डी. आणि सहा आकडी नंबर. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही कंपनी १८४९ मध्ये स्थापन झाली, बोरीबंदर ते ठाणे ही तिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत विलीन झाली. म्हणजे अक्षरांनीच एका शतकाची चौकट दिली. बी.बी.अँड सी.आय. असे असते तर बॉम्बे बरोडा कंपनीची १८५५ ते १९५१ ही चौकट मिळाली असती.

आता मागची बाजू. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले आणि त्यानंतर इंग्रजी मालावर ‘इंग्लंड’ हा शब्द नियमित दिसू लागला. ‘मेड इन’ जोडून पूर्ण शब्द साधारणपणे विसाव्या शतकातले. जर्मन मालाची गोष्ट थोडी आधीची, कारण ब्रिटनचा कायदा १८८७ चा आणि तो मुख्यतः जर्मनीच्या स्वस्त नकलांना आवर घालण्यासाठीच होता. आर.डी. म्हणजे नोंदणी केलेल्या आकृतिबंधाचा नंबर. ही मालिका १८८४ मध्ये एकपासून सुरू झाली आणि १९०० उजाडता साडेतीन लाखांच्या पुढे गेली होती. त्याआधी, १८४२ ते १८८३ या काळात, नंबराऐवजी चौकटच्या आकाराची एक खूण असे आणि तिच्या कोपऱ्यांत वर्ष व महिना सांगणारी अक्षरे असत. आपल्या कुलपावरचा नंबर समजा तीन लाख साठ हजारांच्या घरातला आहे. म्हणजे आकृतिबंधाची नोंद १९०० च्या आसपास झाली. हे कुलूप बनल्याचे वर्ष नव्हे. नोंदलेला नमुना पुढे पंचवीस-तीस वर्षेही ओतला जाऊ शकतो. म्हणून शंभर वर्षांची चौकट १९०० ते १९५१ अशी निम्मी झाली, त्याहून लहान करता येत नाही. एखाद्या भाग्यवान कुलपावर वर्षही ठोकलेले असते.

पण एवढे हिशोब करण्याआधी अक्षरे खरी आहेत का ते पाहायला हवे होते. रेल्वेच्या पितळी कुलपांना शोभेच्या बाजारात इतकी मागणी आहे की ती नव्याने ओतली जातात, त्याच अक्षरांसह. खऱ्या कुलपावर अक्षरे पंचने ठोकलेली असतात. ठोकताना धातू बाजूला सरकतो, त्यामुळे अक्षराच्या कडेला नखाला जाणवेल असा बारीक उंचवटा राहतो. अक्षराचा तळ सपाट आणि कोपरे तीक्ष्ण असतात. एकेक अक्षर वेगळ्या पंचने ठोकले असेल तर ओळ जराशी नाचते. जुन्या कुलपावरून साचा घेऊन वाळूत नवे ओतले, की अक्षरेही ओतकामातच उतरतात. मग तळ गोलसर होतो, कोपरे विरघळल्यासारखे दिसतात आणि खोलगट भागात वाळूचे दाणेदार पोत राहते. आणखी एक गंमत आहे. पितळ थंड होताना आकसते, शेकडा दीड-दोन टक्के. जुन्या कुलपावरून घेतलेल्या साच्यातले नवे कुलूप म्हणून मूळ कुलपापेक्षा थोडे लहान भरते. दहा सेंटिमीटरमागे दीड-दोन मिलिमीटरचा फरक कॅलिपरला सहज दिसतो. अर्थात त्यासाठी खात्रीचे मूळ कुलूप मोजायला मिळायला हवे.

मागची ‘मेड इन’ची ओळ दिसली की उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’चा जुना विनोद मला हमखास आठवतो. पण ठसा खरा असूनही फसवू शकतो, तो वेगळ्या तऱ्हेने. रेल्वे, पोस्ट, संस्थाने बाजारातून तयार कुलपे घेत आणि आपली अक्षरे नंतर ठोकत. पुढच्या अक्षरांचे पंच आणि मागच्या मजकुराचे पंच वेगळ्या वळणाचे असतील, तर दोन तारखा वेगळ्या आहेत असे धरावे. कंपनी गेली तरी कुलूप लगेच गेले नाही, हेही लक्षात ठेवावे. मध्य रेल्वे झाल्यावर जुनी कुलपे काही कुणी घाईने भंगारात टाकली नाहीत.

शेवटी किल्ली तपासायची, आणि ती कुलपापासून वेगळीच समजायची. किल्ल्या हरवतात आणि नव्या बनतात. जुन्या घडीव किल्लीचे डोके दोन्ही बाजूंनी अगदी सारखे नसते आणि कानशीच्या रेघा वेगवेगळ्या दिशांना जातात. एकोणिसाव्या शतकात बिडाच्या किल्ल्या साच्यात ओतून नंतर भट्टीत मऊ करू लागले. त्यांच्या कडेने साच्याच्या दोन अर्ध्यांची बारीक शिवण जाते, आणि डोक्याच्या आतल्या कडेवर ती बहुधा घासायची राहून गेलेली असते. यंत्रावर कापलेल्या नक्कल किल्लीच्या खाचांत समांतर, एकसारख्या रेघा असतात. त्या आजच्या चावीवाल्याच्या. जी.आय.पी.आर.च्या कुलपात असली किल्ली असणे हा गुन्हा नाही. फक्त किल्लीवरून कुलपाचे वय काढू नये. दोघे कधीपासून एकत्र आहेत हे मात्र कळते. किल्लीच्या पायऱ्यांची झीज आणि लिव्हरच्या खालच्या कडेची झीज जुळली, तर संसार जुना आहे.

देशी कुलपांपुरते सांगायचे, तर अलिगढचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला आणि मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपे बनवायला सुरुवात केली. त्यामुळे या नावांच्या कुलपांची खालची मर्यादा आपोआप ठरते. आय.एस.आय.ची खूण असेल तर कुलूप १९५५ च्या आधीचे नाही. क्रोमचा निळसर चकाकता मुलामा १९२० च्या दशकानंतरचा, निकेलचा किंचित पिवळसर मुलामा त्याहून पाच-सहा दशके आधीपासूनचा. पत्र्यांच्या चकत्या एकावर एक रचून केलेले कुलूप दिसले तर ते हॅरी सोरेफच्या १९२४ च्या अमेरिकन पेटंटनंतरचे. एवढे पुरे.

दाराचे सामान वाचणे मला कुलपापेक्षा जास्त आवडते, कारण तिथे वेगवेगळ्या काळांचे थर एकाच लाकडावर बसलेले असतात. जुन्या वाड्याच्या मोठ्या दाराला बिजागरी नसतेच. फळीच्या कडेलाच वर-खाली लाकडी खुंट ठेवलेले असतात. खालचा उंबऱ्याजवळच्या दगडी किंवा लाकडी खळग्यात फिरतो आणि वरचा चौकटीतल्या भोकात. आतून अडसर, बाहेरून कडी-कोयंडा. कोयंडा म्हणजे लोखंडी पट्टी वाकवून तिचे दोन पाय फळीतून आरपार ठोकलेले आणि मागे उलटे वळवून लाकडात बसवलेले. खिळे चौकोनी, टोकाकडे निमुळते, डोक्यावर हातोडीच्या चार-पाच घावांचे पैलू. गोल तारेचे, सगळ्या अंगाने सारख्या जाडीचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पसरले.

मग इंग्रजी सामान आले. ओतीव बिजागऱ्या, दाराच्या अंगावर बसणारी पेटीची कुलपे, पितळी मुठी, आणि या सगळ्यांसोबत लाकडाचा स्क्रू. वय ठरवायला या स्क्रूइतका स्वस्त आणि भरवशाचा पुरावा दाराजवळ दुसरा नाही. फक्त त्याचे डोके पाहून भागत नाही, तो काढावा लागतो. जुना स्क्रू टोकाला बोथट असे. कारागीर आधी सामत्याने पूर्ण भोक पाडी आणि मग त्यात स्क्रू पिळून बसवी. आटे हाताने कोरलेले असत आणि डोक्यावरची खाच बहुधा मध्यावर नसून थोडी बाजूला असे. यंत्रावर स्क्रू बनू लागले तरी टोक बराच काळ बोथटच राहिले. टोकदार, स्वतःच लाकडात शिरणारा स्क्रू यंत्रावर करायचे अमेरिकेतले थॉमस स्लोनचे पेटंट १८४६ चे. बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी १८५४ मध्ये त्याचे ब्रिटनमधले हक्क घेतले आणि तिथून हे स्क्रू सगळ्या साम्राज्यात गेले. डोक्यावर फुलीची खाच असेल तर तो फिलिप्सचा, म्हणजे १९३० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा.

एका दारावर हे सगळे कसे बसते पाहा. खुंटावर फिरणारी सागवानी फळी, तिच्यावर घडीव कडी, आतून पितळी पेटीचे कुलूप, चार स्क्रूंनी बसवलेले. घरमालक म्हणतो, कुलूप वाड्याबरोबरचेच, पेशवाईतले. एक स्क्रू काढला तर टोकदार निघतो. कुलूप १८५४ च्या आधी इथे बसवले असण्याची शक्यता जवळजवळ संपली. पण थांबा, स्क्रू बदललेला असू शकतो. म्हणून चारही काढायचे. चारही टोकदार निघाले, तर भोकात डोकावायचे: बोथट स्क्रूचे भोक तळापर्यंत सारख्या रुंदीचे, टोकदाराचे निमुळते. रुंद भोकात निमुळता स्क्रू आणि भोवती काडीचा किंवा चिंधीचा भराव असेल, तर आधी इथे दुसरा स्क्रू होता. मग कुलूप उचलून खालचे लाकूड पाहायचे. कुलपाच्या नेमक्या आकाराची फिकी, रंग न लागलेली जागा मिळाली, तर हेच कुलूप पहिले. कडेला आणखी एक बाह्यरेषा आणि बुजवलेली भोके मिळाली, तर याच्या आधी दुसरे, वेगळ्या मापाचे कुलूप होते आणि हे नंतर आले. रंगाचे थरही मोजता येतात. कुलपाखाली दोन थर आणि बाजूला पाच, तर कुलूप दुसऱ्या रंगानंतर बसले.

अशा दाराची नोंद मी एका वाक्यात लिहीत नाही. फळी आणि कडी एका ओळीत, त्यांच्यापुढे ‘एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील किंवा त्याआधीची’. कुलूप दुसऱ्या ओळीत, ‘१८५४ नंतर बसवलेले’. किल्ली तिसऱ्या ओळीत, यंत्रावर कापलेली. बाहेरच्या कोयंड्यात लटकणाऱ्या कुलपावर आय.एस.आय.ची खूण असते, त्याला चौथी ओळ.